बोनस म्हणजे फुकटचे शेअर नव्हेत

आज सकाळी मावशीचा फोन, आवाज रडवेला. "अरे, माझे पन्नास हजार गेले!" कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर ‘एकास एक बोनस, आज घ्या, उद्या डबल’ असं वाचून तिने रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे ज्या तारखेला शेअर नावावर असतील त्यांनाच बोनस मिळतो तिच्या, आदल्या दिवशी हजाराच्या भावाने शंभर शेअर घेतले होते. आज ॲपवर भाव पाचशे. निवृत्तीचे पैसे आहेत हो ते! असले मेसेज फिरवणाऱ्यांचा मला भयंकर संताप येतो.

डबल काहीही होत नाही. शंभराचे दोनशे शेअर होतात आणि रेकॉर्ड डेटलाच भाव निम्मा होतो. कंपनी राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळवते, बाहेरून एक पैसा येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, तेव्हाही २६५० च्या आसपासचा भाव १३३० च्या आसपास आला होता. मावशीचे नवे शंभर शेअर डिमॅटला जमा व्हायचे होते, म्हणून ॲप जुन्या शंभरांचीच किंमत दाखवत होतं. त्याला एक-दोन दिवस लागतात. हे ऐकल्यावर बिचारीचा जीव जरा भांड्यात पडला.

पण ग्रुपवाल्यांचा पुढचा सल्ला ऐका: "जुने विकून टाका, तोटा दाखवून टॅक्स वाचवा." अरे, कायदा तरी वाचा! रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर पुढच्या नऊ महिन्यांत विकले आणि बोनसचे ठेवले, तर तो तोटा आयकरात धरतच नाहीत. तो बोनस शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो. एरवी बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य, म्हणजे विकताना आलेली सगळी रक्कम नफा.

स्प्लिट म्हणजे नोट मोडून सुट्टे घेणं. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या, म्हणजे कागदावरच्या मूळ किमतीच्या, एका शेअरचे पाचाचे दोन होतात, तुमची खरेदी किंमतही तशीच विभागली जाते. बोनसमध्ये दर्शनी मूल्य बदलत नाही आणि खरेदी किंमतही विभागली जात नाही. घोषणेनंतर भाव कधीकधी चढतो, मान्य. पण तो लोकांच्या उत्साहाने चढतो, शेअर वाढल्याने नाही.

मावशीने मग हळूच विचारलं, "आणि डिव्हिडंड? ते तरी खरे पैसे ना?" खरेच, पण कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्याच हिश्श्यातून आलेले. पाचशेच्या शेअरवर दहा रुपये दिले, की एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच उतरतो. वर त्या दहावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर हातात जेमतेम सात. नियमित उत्पन्न हवं असणाऱ्यांना डिव्हिडंड सोयीचा पडतो, हे खरं. पण केवळ तो पदरात पाडायला आदल्या दिवशी शेअर घेणं म्हणजे स्वतःचेच पैसे कर भरून परत घेणं.

आणि ‘५०० टक्के डिव्हिडंड’ वाचून हुरळून जाऊ नका. ते टक्के दर्शनी मूल्यावर असतात. दोन रुपयांवर ५०० टक्के म्हणजे दहा रुपये, आणि पाचशेच्या भावावर ते होतात दोन टक्के.