‘अर्जंट’ म्हणजे किती वाजेपर्यंत?

टीममधल्या ईमेलच्या विषयात ACTION, INFO, URGENT असे टॅग लावायचं ठरतं. पहिले पंधरा दिवस सगळे उत्साहाने लावतात आणि महिन्याभरात निम्मे मेल URGENT होऊन बसतात. मग लोक म्हणतात, टॅगचा काही उपयोग नाही. माझं मत असं की टॅग निकामी नसतात, आपण ते पाठवणाऱ्याच्या सोयीने लावतो. टॅगने सांगायचं असतं ते वाचणाऱ्याला: हा मेल उघडल्यावर तुला काय करायचं आहे आणि कधीपर्यंत. पाठवणाऱ्याला तो विषय किती महत्त्वाचा वाटतो, हे सांगायला टॅग नाहीत.

एक साधं उदाहरण घेऊ. एका कराराचा मसुदा सहा जणांना जातो. To मध्ये कायदा आणि लेखा विभागातले दोघे, Cc मध्ये चौघे. विषय असा:

```
[ACTION] कराराचा मसुदा
```

टॅग बरोबर वाटतो, पण तो सहाही जणांच्या इनबॉक्समध्ये सारखाच दिसतो. Cc मधले चौघे मेल उघडतात आणि आपल्याला काहीच करायचं नाही हे कळल्यावर बंद करतात. असं आठवड्यात दहा वेळा झालं की त्यांचा ACTION वरचा विश्वास उडतो. मग कधीतरी खरोखर त्यांच्याकडे काम येतं, तो मेल तसाच पडून राहतो आणि पाठवणारा म्हणतो, ‘विषयात ACTION लिहिलं होतं की!’ आता तोच विषय असा लिहून बघा:

```
[ACTION: कायदा, लेखा] गुरु. 4 पर्यंत – करार कलम 7, मंजुरी
```

टॅगला लागूनच कोणी करायचं, मग कधीपर्यंत आणि शेवटी काय करायचं. ज्याचं नाव किंवा विभाग टॅगमध्ये नाही, त्याच्यासाठी हा मेल आपोआप माहितीपुरता होतो. वेगळा INFO मेल पाठवायची गरज राहत नाही. क्रम असाच ठेवा, कारण मोबाइलवर विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरंच दिसतात. मुदत शेवटी टाकली तर ती नेमकी कापली जाते.

आता त्या मेलचं पुढे काय होतं ते बघा. कायदा विभाग उत्तर देतो, ‘कलम 7 ठीक आहे.’ लेखा विभाग एक दुरुस्ती सुचवतो, ती होते, विषय मिटतो. पण ‘Re: [ACTION…]’ तसाच राहतो आणि त्याखाली आणखी डझनभर उत्तरं येत राहतात. काम संपलेलं असताना टॅग मात्र काम मागत असतो. टॅग कुजतात ते बहुतेक इथेच, कारण पहिला मेल सगळे नीट लिहितात आणि साखळीतला दहावा मेल कोणी बघत नाही. म्हणून नियमात हे स्पष्ट हवं की ज्याने काम मागितलं त्यानेच शेवटी विषय बदलून ‘[INFO] करार कलम 7 मंजूर’ असा एक मेल टाकायचा. काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी विषय बदलायचा आणि नवं नाव, नवी मुदत लिहायची. जीमेलमध्ये विषय बदलला की साखळी तुटून नवं संभाषण सुरू होतं, हे लक्षात ठेवा. म्हणून दर उत्तराला टॅग बदलत बसू नका. या दोन वेळा मात्र साखळी तुटणंच सोयीचं असतं. नव्या मेलमध्ये आधीचा निर्णय दोन ओळींत लिहिला की कोणाला मागे खणत जावं लागत नाही.

URGENT बद्दल मी जरा कडक आहे. URGENT हा तिसरा प्रकार नाहीच, तो ACTION चा वेग आहे. त्यामुळे त्याच्यासोबत काम, माणूस आणि घड्याळातली वेळ हे तिन्ही हवंच. ‘लवकरात लवकर’ ही वेळ नव्हे. ‘आज 3 वाजेपर्यंत’ ही वेळ. माझ्या मते हा टॅग फक्त त्याच दिवशी संपवायच्या कामाला लावावा. उद्या चालणार असेल तर साधा ACTION आणि उद्याची तारीख पुरते. आणि तासाभरात उत्तर हवं असेल तर फोनच करा. समोरचा मीटिंगमध्ये असेल तर तुमचा टॅग त्याला दिसणारच नाही. फोननंतरचा URGENT मेल तपशील आणि नोंद यासाठी. ‘अर्जंट माहिती’ असंही काही नसतं. ‘सर्व्हर बंद आहे, 5 पर्यंत नोंदी करू नका’ यात काम आहेच, काहीतरी न करण्याचं.

याउलट INFO मध्ये चूक होते ती संकोचापायी. वरिष्ठांना ACTION कसं लिहायचं, उद्धट वाटेल, म्हणून लोक INFO लावतात आणि चौथ्या परिच्छेदात हळूच लिहितात, ‘आपली मंजुरी मिळाल्यास पुढे जाता येईल.’ साहेब INFO बघून मेल शनिवारी वाचायला ठेवतात आणि काम तिथेच अडतं. अतिवापरलेल्या URGENT पेक्षा ही चूक महाग, कारण इथे कोणाला काही चुकल्याचं कळतच नाही. पाठवण्याआधी मजकुरात प्रश्नचिन्ह किंवा ‘कृपया’ शोधा. सापडलं तर तो बहुधा INFO नाही. पण हा संकोच नियम लिहून जात नाही. टीमच्या प्रमुखानेच सांगायला हवं की मलाही ACTION लावा, त्यात उद्धटपणा नाही.

आता लिहिण्याची पद्धत. टॅग कोणते ते एकदाच ठरवा आणि अक्षरन् अक्षर तेच वापरा. देवनागरीत ठेवणार असाल तर जास्त जपा. कोणी ‘तातडीचे’ लिहितो, कोणी ‘तातडीचं’, कोणी ‘अर्जंट’. वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच, फिल्टरला मात्र तीन वेगवेगळे शब्द. इंग्रजीतही ACTION, Action Reqd आणि AR असं मिसळलं की हेच होतं. लहान-मोठ्या अक्षरांनी जीमेलच्या शोधाला फरक पडत नाही, स्पेलिंगने पडतो. शिवाय तो शोध चौकटी कंसही बघत नाही. कंस डोळ्यांसाठी ठेवा, पण फिल्टर त्यांच्या भरवशावर बांधू नका. विषयात नुसतं ‘not urgent’ असलं तरी तो मेल फिल्टरमध्ये अडकेल. आणि फिल्टर आपल्या डोमेनपुरताच ठेवा:

```
from:(@example.com) subject:(URGENT)
```

हे अगदी गरजेचं, कारण फसवे मेल पाठवणारे घाई करायला लावण्यासाठी हाच शब्द वापरतात. बाहेरून आलेला मेल तुमच्या तातडीच्या लेबलखाली जाऊन बसला तर तो आपोआप विश्वासाचा वाटू लागतो. ग्राहकांना मेल पाठवतानाही आपले आतले टॅग काढून टाका. त्यांना तुमचे नियम ठाऊक नसतात, आणि URGENT दिसला की दरडावल्यासारखं वाटतं.

पद्धत टिकली आहे का, हे बघायला महिन्यातून एकदा टीममधले शेवटचे पन्नास मेल चाळा. पाचाहून जास्त URGENT निघाले, तर एकतर टॅग सैल झालाय किंवा कामाचं नियोजनच रोज शेवटच्या क्षणावर येतंय, आणि या दोन्हींची औषधं वेगळी आहेत. मग ACTION चे विषय बघा: नाव आणि मुदत नसलेले किती, आणि ते कोणाकडून येतात? बहुतेक वेळा दोन-तीनच माणसं निघतात. त्यांना सगळ्यांसमोर सुनावू नका. त्यांच्या मेलला उत्तर देताना विषय दुरुस्त करून पाठवा आणि वर एकच ओळ लिहा: ‘टॅग बदललाय, मुदत शुक्रवार धरतोय, चालेल ना?’