छापील किमतीवरची सूट म्हणजे बचत नव्हे

"गणपतीच्या सेलमध्ये छापील किंमत पाहा. ती सरकारने ठरवलेली असते, त्यामुळे 60 टक्के सूट म्हणजे चक्क 60 टक्के बचत! दोनवर एक फुकट म्हणजे निम्मा फायदा! आकड्यांना भुलतात ते अडाणी. शिकलेल्यांनी संधी सोडू नये. पुढे पाठवा."

हा संदेश गुहागरच्या आमच्या काकूंपर्यंत पोहोचला आणि त्या चिपळूणहून मिक्सर घेऊन आल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

छापील किंमत सरकार ठरवत नाही. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापली पाहिजे आणि तिच्यात सर्व कर धरलेले असले पाहिजेत, एवढेच वैधमापनशास्त्राचे 2011 चे नियम सांगतात. आकडा मात्र उत्पादक, आयातदार किंवा माल वेष्टित करणारा आपल्या मनाने टाकतो. ठरावीक आवश्यक औषधांच्या कमाल किमती सरकार खरोखरच ठरवते, एवढे अर्धसत्य मान्य करू. पण मिक्सर हे औषध नव्हे. त्यावरची कमाल किंमत म्हणजे वस्तू त्याहून महाग विकता येणार नाही एवढीच मर्यादा. वस्तूची लायकी तेवढी आहे असा दाखला नव्हे.

काकूंच्या मिक्सरवर 7,500 रुपये छापले होते, सूट 60 टक्के, दिले 3,000. "साडेचार हजार वाचले," असे त्या सर्वांना सांगत आहेत. तीच 750 वॅटची मोटर, तीच तीन भांडी आणि तेवढीच हमी असलेला मिक्सर त्याच बाजारात एका दुकानात 2,850 ला आणि दुसऱ्यात 3,100 ला, कोणत्याही सुटीच्या पाटीशिवाय मिळत होता. म्हणजे काकूंनी महागड्या दुकानाच्या मानाने 100 रुपये वाचवले आणि स्वस्त दुकानाच्या मानाने 150 जास्त दिले. 7,500 ला तो मिक्सर कोणी विकतच नसेल, तर त्या आकड्यापासून मोजलेली बचत कोणाच्या खिशातून आली?

संदेशातला सर्वांत घातक भाग शेवटचा आहे, कारण तो वाचून शिकलेला माणूस गाफील राहतो. आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो. मानसशास्त्रात याला अँकरिंग म्हणतात. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी 1987 मध्ये अमेरिकेतील टुसॉन शहरातल्या मुरलेल्या घर-दलालांना एक घर आतून-बाहेरून पाहू दिले आणि सर्वांना सारखीच माहितीपुस्तिका दिली. फरक फक्त मालकाने मागितलेल्या किमतीत होता: काहींच्या पुस्तिकेत 65,900 डॉलर, तर काहींच्या पुस्तिकेत 83,900. कमी आकडा पाहिलेल्या दलालांनी घराचे मोल सरासरी 68 हजारांच्या आसपास सांगितले आणि जास्त आकडा पाहिलेल्यांनी 75 हजारांच्या. घर तेच, धंदा रोजचा, तरी सात हजारांचा फरक पडला. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, मागितलेल्या किमतीचा आपण विचार केला हे बहुतेक दलालांनी कबूलच केले नाही. ज्यांचे पोट घरांच्या किमती ओळखण्यावर चालते त्यांची ही गत असेल, तर पदवीच्या कागदाने मिक्सरच्या बाबतीत काय संरक्षण मिळणार?

"दोनवर एक फुकट" याचा हिशेब ओळीभराचा आहे: तीन नगांसाठी दोनाचे पैसे, म्हणजे सूट 33 टक्के, तीही तिन्ही नग लागणार असतील तरच.

सगळ्याच सुटी खोट्या असतात असे मात्र नाही. जुने मॉडेल काढून टाकताना दुकानदार खरोखर भाव उतरवतो. हा भेद ओळखायचा तर टक्केवारी वाचण्यापूर्वीच, शक्यतो घरी, "मला कोणती वस्तू हवी आणि तिला मी जास्तीत जास्त किती देईन" हे कागदावर लिहावे. मग त्याच मॉडेलचा, किंवा वॅट, भांडी व हमी जुळणाऱ्या दुसऱ्याचा, प्रत्यक्ष विक्रीचा भाव दोन दुकानांत विचारावा आणि तुलना फक्त त्या भावांशी करावी. तरीही मोह झाला, तर ही किंमत जास्त का असू शकेल याची दोन ठोस कारणे शोधावीत. नुसते "मी भुलणार नाही" असे मनाशी म्हणून ओढ जात नाही. उलट बाजूची कारणे मुद्दाम शोधल्याने ती कमी होते, पूर्ण जात नाही. शिवाय घरी लिहिलेला आकडा मागच्याच एखाद्या जाहिरातीतून डोक्यात राहिलेला असेल, तर तोही तितकाच कुचकामी.

फरक रुपयांत मोजावा, टक्क्यांत नव्हे. बांगड्याच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी कोळणीशी पंधरा मिनिटे हुज्जत घालणाऱ्या काकूंना मिक्सरवरचे 150 रुपये किरकोळ वाटले, कारण शेजारी 7,500 लिहिलेले होते. स्वस्त भावाचे दुकान त्याच रस्त्यावर होते.