कादंबरी वाचायचे सहा हजार सहाशे? एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, राग मानू नका पण नुसती कादंबरी वाचायचे 6,600 म्हणजे लूट आहे. चार दोस्तांना दिली की फुकटात वाचून सांगतात. आणि एवढे घेऊन छापून येईल याची गॅरंटी पण तुम्ही देत नाही, मग त्या रिपोर्टात असतं तरी काय? – एक वाचक, निपाणी"

दादा, राग कसला. छापायच्या आधी लेखकाची कादंबरी वाचून ती कुठं अडते याचा रिपोर्ट मी लिहून देते, त्याचे हे पैसे. दोस्तांना द्याच, माझ्याकडं यायच्या आधी द्या. पण दोस्त काय सांगतात ते एकदा बघू. निपाणीकडचीच एक कादंबरी माझ्याकडं आलेली, तंबाखूच्या वखारीत काम करणारी मुलगी आणि तिच्या घरच्या जमिनीचा वाद (लेखकाला विचारूनच लिहितेय). त्यांना तिघाचौघांनी सांगितलेलं, "भारी आहे, मधे जरा बोअर होतंय." ते खरंच होतं, पण लेखकानं काय केलं तर मधली वीसेक पानं उडवली आणि तरी बोअर होतंच, कारण दुखणं पानांच्या संख्येत नव्हतंच.

आठव्या प्रकरणाच्या शेवटी वकिलाचं पत्र येतं आणि जमीन कुणाला मिळणार ते कळून जातं. पुढं 9 ते 14 मधे सगळे निर्णय मामा घेतो, मुलगी नुसती बघत बसते. म्हणजे ज्या प्रश्नापायी वाचक पानं उलटत होता तो प्रश्न संपला आणि नायिकेच्या हातात काही उरलं नाही, मग पेंग येणारच की. रिपोर्टात मी हे प्रकरण नंबर देऊन लिहिलं आणि दोन वाटा सुचवल्या: एक तर पत्र तेराव्यात न्या, नाहीतर दहाव्यात तिला एक असा निर्णय घ्यायला लावा जो नंतर तिच्याच अंगावर येईल. कुठली वाट धरायची ते लेखकानं ठरवायचं, मी प्रकरण लिहून देत नाही.

रिपोर्ट कामाचा आहे का ते यावरनंच कळतं बघा. कुठं, वाचताना काय झालं, कशामुळं झालं आणि काय करता येईल, हे चारही हवं. "पात्रं अजून खुलवा" एवढंच लिहिलं असेल तर ते वाक्य कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतं, तो रिपोर्ट कादंबरी न वाचता पण लिहिता येतो. आणि काय चांगलं जमलंय तेही पान सांगून लिहावं लागतं, नाहीतर माणूस दुरुस्तीच्या नादात नेमकं तेच पुसून टाकतो.

आपल्या भागातल्या लेखनात आणखी एक भानगड असते ती म्हणजे बोली. त्याच कादंबरीत आजी दुसऱ्या प्रकरणात "काय करायलास" म्हणते आणि अकराव्यात "काय करतोयस". पुण्याकडचा वाचणारा असेल तर पहिलं चुकीचं समजून खोडेल, पण खरं तर पहिलंच तिचं बोलणं, अकराव्यात लेखक घसरलाय. अशा जागा मी पानासकट देते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र बघत नाही, ते मुद्रितशोधन, वेगळं काम आणि तेही शेवटी करायचं, आधी केलं तर बदललेल्या प्रकरणांसाठी परत पैसे जातात.

आता पैशाचं. 60,000 शब्दांची कादंबरी. पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून वाचते, तासाला दहा हजार शब्द धरले तर सहा तास. दुसऱ्यांदा खुणा करत, त्याला दहा तास. रिपोर्ट लिहायला सहा. झाले बावीस, तासाला 300 धरले की 6,600, म्हणजे शब्दाला 11 पैसे. पानावर दर लावत नाही, कारण फॉन्ट बारीक केला की पानं कमी होतात, शब्द तेवढेच राहतात. तुम्हाला फक्त बीटा रीडिंग हवं असेल, म्हणजे एकदाच वाचून वाचक म्हणून कुठं अडकले, कुठं पुढचं आधीच कळलं, कोण खोटं वाटलं एवढंच सांगणं, तर वाचायला सहा आणि सांगायला दोन, असे आठ तास, 2,400. पहिल्या खर्ड्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं, आणि मोठा रिपोर्ट स्वतःला सुचेल तेवढं सगळं दुरुस्त करून झाल्यावर घ्यावा.

गॅरंटी मी देणार नाही, छापायचं की नाही ते प्रकाशक ठरवतो. जो रिपोर्ट पण देतो आणि छपाईचं पॅकेज पण विकतो त्याच्या रिपोर्टात शेवटी "पुस्तक तयार आहे" असं येतं का ते तेवढं बघा, कारण पॅकेज खपायचं तर त्याला तेच लिहावं लागतं.

तरीही जड वाटत असेल तर सुरुवातीचे 5,000 शब्द पाठवा, 550 होतील आणि पुढं पूर्ण दिलंत तर ते वजा. निम्मे आधी, निम्मे रिपोर्टाबरोबर. रिपोर्ट वाचून झाल्यावर तासभर फोनवर भांडायला मोकळीक, त्याचे वेगळे घेत नाही. दुरुस्त केलेला खर्डा परत वाचायचा असेल तर मात्र दर नव्यानं ठरेल, तोपर्यंत किती बदललंय त्यावर.