गजकर्ण पुन्हा का उलटतं?

"इट्राकोनाझोल १५ दिवस घेतलं, खाज गेली म्हणून थांबवलं. महिन्याभरात मांड्या, कंबर, पाठ पुन्हा भरली. मधे खाजेसाठी मेडिकलमधून ट्यूब आणली होती. आता डबल डोस घेऊ का?"

डबल डोस नको, कमी पडले ते दिवस. खाज आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र कातडीत राहते. आपल्याकडे सध्या पसरलेली बुरशीची जात टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून इट्राकोनाझोल देतात. मोठ्या माणसाला साधारणपणे रोज २०० मिलिग्रॅम, ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त. चट्ट्याची कड सपाट होऊन पापुद्रे थांबेपर्यंत उपचार चालतो. नुसता काळा डाग उरला तर तो आजार नव्हे. कॅप्सूल भरल्या पोटी घ्या. ॲसिडिटीच्या गोळीबरोबर ती नीट शोषली जात नाही. हृदय कमजोर असेल, लिव्हरचा त्रास, गरोदरपण किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच.

ती ट्यूब आजच बंद करा. त्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. त्याने लाली दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत पसरते. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल. त्यासाठी डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या, पुन्हा ट्यूबकडे वळू नका.

कपड्यांना चिकटलेले पापुद्रे जिवंत बुरशी बाळगतात. आतले कपडे, टॉवेल, चादर वेगळी, ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांचे उपचारही याच वेळी सुरू करा.