रिपोर्टमध्ये सगळं आहे, फक्त केबल नाही

आज दुपारी ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. भाच्याच्या जिमच्या मॅनेजरने लिहिलेला अपघाताचा रिपोर्ट. डबा उघडून बसलो होतो, वाचला आणि पोळी हातातच राहिली. पोस्ट लांब होणारे, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागच्या आठवड्यात भाचा लॅट पुलडाउन मारत होता, म्हणजे बसून डोक्यावरचा केबलला लटकवलेला बार खाली खेचायचा व्यायाम, बार कपाळाच्या लेव्हलला आला आणि वरची केबल तुटली. आपण पूर्ण ताकदीने खाली खेचत असतो ना, समोरून ताण गेला की बार थांबवायला काही उरतच नाही, तो सरळ तोंडावर. वरच्या ओठाला टाके पडले, पुढचा एक दात अर्धा गेला. डोळा वाचला हे नशीब, कारण केबलच्या टोकाला दाबून बसवलेली जी लोखंडी नळी, फेरूल, असते ती भुवईला घासून गेलीये.

आता रिपोर्ट ऐका. "सदर मेंबर यांनी क्षमतेपेक्षा जास्त वजन लावून झटक्याने व्यायाम केल्याने केबल तुटली. मशीन सुस्थितीत होते. मेंबर यांना तात्काळ प्रथमोपचार देण्यात आला. मशीन दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू करण्यात आले." पुढे मेंबरने अ‍ॅडमिशनच्या वेळी 'स्वतःच्या जबाबदारीवर' फॉर्मवर सही केलीये हा एक अख्खा पॅरा. मेंबरचं वय, वजन, बॅच, त्या दिवशी कितव्या सेटला होता, सगळं आहे. केबल किती जुनी होती, कुठे तुटली, शेवटची कोणी बघितली, तुटलेला तुकडा कुठाय, यावर एक ओळ नाही.

अरे क्षमतेपेक्षा जास्त म्हणजे काय? त्या मशीनला प्लेट्सचा थप्पा कंपनीनेच बसवलेला असतो, पिन जिथे खोचाल तिथपर्यंतच्या प्लेट्स उचलल्या जातात. तुम्ही पिन खालच्या शेवटच्या प्लेटला लावाल, त्याच्या खाली काय जमिनीत लावणार? थप्पा ९० किलोचा, भाच्याची पिन ५५ वर होती. वरून जास्तीची डंबेल लटकवणारे महाभाग असतात, मान्य, मी बघितलेत, पण हा त्यातला नाही आणि रिपोर्टमध्येही तसं कुठे म्हटलेलं नाही.

माझी उमर गेलीये हॉइस्ट आणि क्रेनच्या रोपमध्ये, म्हणजे जड माल उचलणाऱ्या मशीनच्या तारांच्या दोरात, त्यामुळे जरा हिशोब सांगतो, कंटाळू नका. अशा मशीनच्या केबलमध्ये वरून नायलॉनचं आवरण असतं आणि आत बारीक स्टीलच्या तारा, बहुतेक ठिकाणी ७ लड्या आणि प्रत्येक लडीत १९ तारा, म्हणजे १३३. आतला स्टीलचा दोर सव्वातीन मिलीमीटरच्या आसपास पकडा, त्याहून जाडपण येतात. एवढा दोर नवा असताना तोडायला ९०० किलोच्या घरात ओढ लागते. आता पोराने ५५ ला झटका मारला, दुप्पट धरा, चला तिप्पट धरा, १६५ झाले. ९०० कुठे आणि १६५ कुठे! चांगली केबल माणसाच्या हाताने तुटत नाही हो. जी तुटली ती आधीच संपलेली होती.

संपते कशी, तर वाकून वाकून. बाइंडिंग वायर आपण पुढे-मागे वाकवून तोडतो ना, तसंच, फक्त सावकाश. केबलचा तोच तो तुकडा प्रत्येक रेपला, म्हणजे बार एकदा खेचून सोडला की, पुलीवर चढतो, वाकतो, उतरतो, सरळ होतो. समजा दिवसाला ४० जणांनी १२ चे तीन तीन सेट मारले, १४४० वेळा झालं. महिन्याचं तुम्ही करा. आणि सगळ्यात वाईट जागा टोकाची, जिथे फेरूल दाबून बसवलेलं असतं, कारण तिथे केबल एकदम कडक होते आणि बार इकडे-तिकडे हलला की सगळं वाकणं त्याच्या वरच्या बोटभर जागेवर येतं. तारा एक-एक करून तुटत जातात. आवरणाच्या आत. बाहेरून चकाचक. नायलॉनला चीर गेली की घाम, ओल आत जाते, गंज सुरू.

इथे मला आमचे मिस्त्री आठवतात. भोसरीच्या शॉपमध्ये मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दोन टनाचा हॉइस्ट, मिस्त्री हातात कॉटन वेस्टचा बोळा घेऊन रोपवरून सावकाश फिरवायचे. जिथे कापूस अडकला तिथे तार तुटलेली. त्या दिवशी एकाच जागी कापूस अडकतच राहिला. मिस्त्रींनी रोप खाली उतरवून घेतली आणि कोणाला काही न विचारता छिन्नी-हातोड्याने तिथेच तोडली. प्रॉडक्शन मॅनेजर धावत आला, डिस्पॅच होतं, तोंडाला येईल ते बोलला. मिस्त्री म्हणाले, "आता तुटलीच आहे साहेब, नवीन मागवा."

मला तेव्हा वाटलं म्हातारा हेकट आहे. वाद घालत बसले असते तर "आजच्या दिवस चालवू" झालं असतं हे नंतर कळलं. आजच्या दिवस चालवू, याच्यावर तर अर्धा देश चाललाय.

बरं, जिमच्या केबलला कापूस फिरवून कळत नाही, आवरण आहे ना, हे मी मान्य करतो. पण डोळे आणि बोटं तर आहेत. रोज सकाळी उघडताना ताण काढून बोटाने केबल चाचपत जायची. कुठे फुगवटा, कुठे चपटी, कुठे आवरणाला चीर, कुठे एकदम मऊ किंवा एकदम कडक लागली, की संपलं, मशीन बंद. स्टील दिसलं तर प्रश्नच नाही. पुली हाताने फिरवून बघायची, बेअरिंग जाम असेल तर केबल फिरायच्या ऐवजी घासते. याला इंजिनियर लागत नाही, जो पोरगा सकाळी लादी पुसतो तोही पाच मिनिटात करेल.

आणि आता खरी गंमत. भाच्याच्या मित्राने त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढलेत. तुटलेल्या टोकाचा क्लोजअप आहे. मी झूम करून बघितला आणि डोकंच फिरलं. कडेच्या तारा काळपट, तांबूस. मध्ये थोड्याशाच तारा चकचकीत. म्हणजे काळ्या आधीच कधीतरी तुटून आत गंजत पडलेल्या, आणि सगळा भार त्या उरलेल्या चार चकचकीत तारांवर. त्या त्या दिवशी तुटल्या. आणि तुटलेल्या जागेच्या खाली-वर काय, तर काळी इन्सुलेशन टेप! वायरमन लावतो ती!! म्हणजे कोणीतरी चीर बघितली होती. बघितली, खिशातून टेप काढली, गुंडाळली. "मशीन सुस्थितीत होते" म्हणे.

टेपने ताकद शून्य वाढते. टेप फक्त एक काम करते, पुढच्या माणसाला चीर दिसू देत नाही. आमच्या एका हेल्परने एकदा ग्लोव्हज अडकतात म्हणून रोपला टेप मारली होती, मिस्त्रींनी त्याला दिवसभर हॉइस्टजवळ फिरकू दिलं नाही. म्हणाले, "दिसतंय ते झाकतोस?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

हो, त्या काळी आमच्यावर फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम २९ होतं, बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम माणसाकडून रोप-चेनची कसून तपासणी आणि त्याचं रजिस्टर. इन्स्पेक्टर आला की पहिलं रजिस्टर. जिममध्ये असं कोणी रजिस्टर मागताना मी तरी बघितलं नाही. मशीनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की केबल नियमित तपासा, झीज दिसली की लगेच बदला, पण मॅन्युअल मशीनच्या खोक्याबरोबर भंगारात जातं.

आणि तो 'स्वतःच्या जबाबदारीवर'वाला फॉर्म. मी माझ्या जबाबदारीवर काय करतो? चुकीच्या पद्धतीने वजन उचललं, कंबर धरली, माझी जबाबदारी. तुमच्या केबलच्या आत काय चाललंय ही माझी जबाबदारी कशी? फी घेऊन सर्व्हिस देताय ना? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी नावाची गोष्ट आहे, आणि सही घेतली म्हणून ती पुसली जात नाही. ताईला सांगितलंय, फोटो, बिलं, रिपोर्ट सगळं जपून ठेव.

संध्याकाळी मॅनेजरला फोन लावला. भांडायच्या तयारीनेच लावला होता. पोरगं पंचवीस-सव्वीसचं असेल, पहिल्यांदा सर सर करत होता, मग काका म्हणायला लागला. म्हणाला, काका, केबल बदलायची म्हणून मी मालकांना दोनदा मेसेज टाकलेत, माझ्याकडे आहेत. टेप ट्रेनरने मारली होती, मशीन बंद ठेवलं की मेंबर काउंटरवर येऊन ओरडतात. आणि रिपोर्ट त्याने लिहिलेलाच नाही, मालकाच्या ओळखीच्या कुणीतरी ड्राफ्ट करून दिला, याने सही केली.

आता काय बोलणार त्याला. पगार असेल वीसेक हजार. छिन्नी-हातोडा घेऊन केबल तोडायची त्याची टाप नाही, मिस्त्रींची तीस वर्षं झाली होती तिथे, याला उद्या काढतील. तरी मी त्याला म्हटलं, बाळा, सही तुझी आहे. ते दोन मेसेज तारखेसकट रिपोर्टमध्ये घाल, तुटलेली जागा लिही, टेप होती लिही. तुकडा कुठाय विचारलं तर म्हणे भंगारवाल्याला गेला. वा! पण प्लेट्सवर किती वजन होतं ते मात्र बरोब्बर लक्षात राहिलं.

मग विचारलं, दुसऱ्या दिवशी मशीन चालू कसं केलं, नवी केबल इतक्या लवकर आली? गप्प. फोटो पाठव म्हटलं. पाठवला बिचाऱ्याने.

जुनीच केबल आहे. तुटलेलं टोक कापून, पुढे नवीन वळसा घालून दोन यू-क्लॅम्प मारलेत, हार्डवेअरच्या दुकानातले, तेही नायलॉनच्या आवरणावरूनच. अरे क्लॅम्प स्टीलला पकडायला पाहिजे, प्लास्टिकला पकडून काय होणार, ताणाखाली ते आवरण चेपणार, सरकणार, आणि एक दिवस मोज्यासारखं निघून येणार. त्यात केबल आखूड झाली म्हणून वरची प्लेट खाली टेकतच नाहीये, फोटोत सरळ फट दिसतेय, म्हणजे मशीनवर कोणी नसतानाही केबल ताणातच. आठवडा झाला लोक त्याच्यावर पुलडाउन मारतायत.

मी त्याला म्हटलं आत्ताच्या आत्ता पिन काढून तुझ्या खिशात ठेव आणि थप्प्याला साखळी-कुलूप घाल. "मालकांना विचारून सांगतो काका" म्हणाला. त्याला तासभर झाला, आता फोन उचलत नाहीये. साडेनऊ वाजलेत, जिम अकरापर्यंत चालू असते. पाना आणि कुलूप घेतलंय, निघतोय.