सगळीकडे स्विच केलं की झालं?

बास्केटबॉलमधल्या पिक अँड रोलवरच्या माझ्या लेखावर एका वाचकानं खालचं लिहिलंय. या चालीत स्क्रीनर चेंडू घेतलेल्या गार्डच्या डिफेंडरची वाट अंगानं अडवतो, ती स्क्रीन, आणि दोघा डिफेंडरनी आपापली माणसं बदलली की ते स्विच.

"लेख वाचला, पण उगाच फुगवलाय असं वाटलं. पिक अँड रोल म्हणजे उंच पोरानं खांबासारखं उभं राहायचं आणि गार्डनं त्याच्या कडेनं पळायचं, एवढंच. आम्ही कॉलेजला खेळायचो तेव्हा स्क्रीन आली की स्विच करायचो, विषय संपायचा. ड्रॉप, ट्रॅप, हेज ही सगळी टीव्हीवाल्यांची भाषा. चांगल्या संघाला स्विच पुरतं."

तुमच्या संघात पाचही जण उंचीनं आणि पायानं साधारण सारखे असतील, तर स्विच पुरलं यात नवल नाही. अशा संघानं स्विचच करावं. पण खांबाचं म्हणाल, तर तिथे मी अडतो. कार्ल मलोन हा अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या युटा जॅझचा स्क्रीनर, आणि जॉन स्टॉकटन त्याचा बॉल हँडलर. १९८५ ते २००३ अशी १८ वर्षं दोघं एकत्र खेळले. मलोनच्या नावावर कारकिर्दीत ३६,९२८ गुण आहेत. खांबाला एवढे गुण कोण देतं?

स्क्रीनरचं खरं काम उभं राहण्याच्या आधी सुरू होतं आणि उभं राहून झाल्यावर पुन्हा सुरू होतं. आधी काय, तर कोन. गार्डला जिथे जायचंय तिकडे स्क्रीनरची पाठ हवी. पाठ भलतीकडे असली की डिफेंडर सहज निसटतो. मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवून स्थिर व्हायचं. धक्का लागताना तो हलत असेल तर फाउल त्याचाच. गंमत म्हणजे हा फाउल बहुतेक वेळा गार्डमुळे होतो. गार्ड घाई करून स्क्रीन लागायच्या आधीच निघतो, मग बिचारा स्क्रीनर डिफेंडरला गाठायला कंबर पुढे काढतो आणि शिट्टी वाजते. म्हणून गार्डनं थांबायचं, आणि निघताना आपला खांदा स्क्रीनरच्या कमरेला घासून जाईल इतकं जवळून जायचं. मधे एक माणूस मावेल एवढी फट राहिली, तर स्क्रीन लावून उपयोग शून्य.

नंतरचं काम म्हणजे रोल. डिफेंडर अंगावर आदळला की आतल्या पायावर वळून त्याला पाठीवर घ्यायचं, चेंडूकडे तोंड ठेवून हात वर करून रिंगकडे जायचं. इथे गार्डनं स्वतःचा डिफेंडर पाठीमागे अडकवून ठेवला आणि वेग थोडा कमी केला, तर पुढचा उंच डिफेंडर पेचात पडतो. गार्डकडे गेला की रोल करणारा मोकळा, रोलकडे गेला की गार्डला शॉट मोकळा. अख्ख्या चालीचा जीव या अर्ध्या-एक सेकंदात आहे. डिफेन्सच्या ज्या तीन तऱ्हा तुम्हाला फुगवलेल्या वाटल्या, त्यांतली प्रत्येक म्हणजे या पेचात काय सोडून द्यायचं याचा आधीच केलेला निर्णय.

ड्रॉपमध्ये उंच डिफेंडर मागे पेंटजवळ, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाजवळ थांबतो आणि गार्डचा डिफेंडर स्क्रीनच्या वरून, म्हणजे रिंगपासून दूरच्या बाजूनं मागोमाग धावतो. रिंग राखली जाते, पण मधल्या अंतराचा शॉट सोडला जातो. गार्ड पोर्टलँडच्या लिलार्ड किंवा गोल्डन स्टेटच्या करीसारखा चालता चालता थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट मारणारा असेल, तर ड्रॉप म्हणजे त्याला आमंत्रणच. हेजमध्ये उंच डिफेंडर क्षणभर पुढे येऊन गार्डची वाट अडवतो आणि पळत आपल्या माणसाकडे परततो. परतायला जो वेळ लागतो तोच सोडलेला. ट्रॅपमध्ये दोघंही गार्डवर धावतात. २०१८ च्या प्लेऑफमध्ये न्यू ऑर्लिन्सनं लिलार्डवर असेच दोघं सोडले, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि पोर्टलँडला ४-० नं घरी पाठवलं. पण हाच ट्रॅप करीवर लावला की चेंडू फ्री थ्रो रेषेजवळ त्याचा स्क्रीनर ड्रेमंड ग्रीनच्या हातात पडायचा. तिथून पुढे चार विरुद्ध तीन, आणि ग्रीन त्या स्थितीत चूक फारशी करत नसे. ट्रॅप तोच, फरक पास घेणाऱ्या स्क्रीनरचा.

आता तुमचं स्विच. त्यासाठी २०१६ च्या एनबीए फायनलचा सातवा सामना पुन्हा बघा, शेवटचं एक मिनिट. स्कोअर ८९-८९. क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगसमोर क्ले थॉम्पसन उभा आहे, म्हणजे गोल्डन स्टेटचा चांगला डिफेंडर. अर्व्हिंगचा साथीदार जे. आर. स्मिथ येऊन स्क्रीन लावतो. आता या स्क्रीनमधून स्मिथला स्वतःला काहीच मिळवायचं नाही. तो आला तो त्याला धरणाऱ्या करीला सोबत आणण्यासाठी. गोल्डन स्टेटनं स्विच केलं, करी अर्व्हिंगसमोर आला, अर्व्हिंगनं त्याच्या डोक्यावरून थ्री मारला. ५३ सेकंद बाकी, ९२-८९. तुमच्या भाषेत विषय संपला, पण गोल्डन स्टेटचा.

लगेच पुढच्या चालीत गोल्डन स्टेटनं तेच केलं. स्क्रीन लावून क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हला करीसमोर आणलं. लव्हसारखा उंच, जड माणूस बाहेर करीला धरणार म्हटल्यावर कोणीही करीवरच पैसे लावले असते. लव्ह पायांवर टिकून राहिला, करीला मागे-पुढे करूनही जागा मिळेना, आणि थ्री चुकला. एकाच मिनिटात दोन्ही संघांनी स्विच केलं. एकाला महागात पडलं, दुसऱ्याला फळलं. म्हणून स्विच चांगलं की वाईट असा प्रश्नच मला पटत नाही. त्यानंतर कोण कोणासमोर उभा राहणार, ते बघायचं.

शिवाय सारखं स्विच करणाऱ्या संघावर एक स्वस्त उपाय आहे. स्क्रीनर स्क्रीन लावायला येतो आणि अंग लागायच्या आधीच रिंगकडे सुटतो, याला स्लिप म्हणतात. दोघं डिफेंडर माणसं बदलण्याच्या तयारीत असतात, एक क्षण दोघंही चेंडूकडे बघतात आणि मागचा माणूस एकटा निघून जातो. तुम्हाला हे कॉलेजात कोणी केलं नसेल तर नशीबवान होतात.

आपल्याकडच्या सामन्यांबद्दल एक भर. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतो, आणि त्यात डिफेन्सच्या माणसाला पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा नाही. एनबीएत ती आहे. त्यामुळे आपल्या उंच पोराला रिंगखाली ठाण मांडून बसता येतं आणि ड्रॉप आपल्याकडे तिथल्यापेक्षा सोपा पडतो. त्यात समोरच्या गार्डचा ६.७५ मीटरवरून थ्री बसत नसेल, तर स्विचचीही गरज नाही. त्याच्या डिफेंडरनं स्क्रीनच्या मागून, म्हणजे रिंगच्या बाजूनं निघून पुन्हा समोर यायचं. गार्डनं मारला तर मारू द्या. दोन सलग बसले की मग वरून जायला सांगा.

एवढं करूनही तुमच्या मुलांना स्विचच शिकवायचं असेल, तर हाक कोणी द्यायची ते आधी ठरवा. गार्डच्या डिफेंडरला पाठीमागून येणारी स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे ओरडायचं काम स्क्रीनरला धरणाऱ्याचं: कुठल्या बाजूनं येतेय आणि स्विच आहे की नाही, दोन्ही. आणि ते अंगाला अंग लागायच्या आधी. लागल्यावर ओरडलं की एक जण बदलतो, दुसरा नाही, आणि दोघंही एकाच माणसाला धरून उभे राहतात.