नाकाची साक्ष

आमच्या घरात दुधाच्या पदार्थांचा न्यायनिवाडा करण्याचे काम, मी कधीही अर्ज केलेला नसताना, माझ्याकडे आलेले आहे. कोणतेही पातेले माझ्या नाकाखाली धरले जाते आणि "बघ रे, चांगलं आहे ना अजून?" असे विचारले जाते. अपेक्षित उत्तर ‘हो’ आहे, हे विचारणाऱ्याच्या स्वरावरूनच कळते. माझे नाक तीक्ष्ण आहे हे मला मान्य आहे. परंतु जो गुन्हा त्याला दिसूच शकत नाही, त्याबद्दल त्याची साक्ष काढली जाते, ही माझी तक्रार आहे.

भर वैशाखात बहिणीच्या मुलीचे बारसे होते. आत्याने दोन लिटर दुधाचे फ्रूट कस्टर्ड केले, साडेनऊला गॅसवरून उतरवले आणि गरम पातेले फ्रिजमध्ये ठेवायचे नसते या तत्त्वानुसार ओट्यावर झाकून ठेवले. कोमट झाल्यावर त्यात केळी, चिकू आणि द्राक्षे चिरून घातली गेली. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांनी जागा अडवल्यामुळे ते ओट्यावरच राहिले. पंगत बसण्याच्या बेतात असताना, एकच्या सुमारास, पातेले माझ्यापुढे आले. वास अगदी निर्दोष होता, व्हॅनिलाचा.

आता हिशेब पाहा. पाच ते साठ अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. असा पदार्थ त्या टप्प्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकाच तासात त्याची मुदत संपते. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी अडतीस अंश होते. कस्टर्ड साडेदहाच्या सुमारास साठच्या खाली आले असे उदारपणे धरले, तरी बाळाच्या कानात नाव सांगितले जाण्याआधीच त्याची वेळ भरलेली होती.

"पण वास कुठे येतोय?" आत्या म्हणाली. अडचण नेमकी तीच आहे. आपल्या नाकात आणि कातडीवर, विशेषतः बोटावरच्या चिरेत, स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. उकळल्यानंतर फळे घालणाऱ्या हातांबरोबर तो पातेल्यात उतरतो आणि दूध, साखर व ऊब मिळाली की विष तयार करतो. त्या विषाला ना वास, ना चव. आणि खाल्ल्यावर बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. "मग पुन्हा एक उकळी काढू," हा पुढचा प्रस्ताव आला. उकळीने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच केलेले विष उकळीला दाद देत नाही. शेवटी कोणीतरी "वॉचमनला देऊन टाका" असे सुचवले. जणू वॉचमनच्या पोटाचे नियम वेगळे असतात! पंगतीला श्रीखंड गेले आणि कस्टर्ड मोरीत.

खरे तर उपाय अवघड नव्हता. कस्टर्ड दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून, ती गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळली असती, तर ते लवकर निवले असते आणि लगेच फ्रिजमध्ये जाऊ शकले असते. खोल पातेल्याच्या मध्यभागी मात्र ऊब तासन्‌तास टिकते. फळे वाढण्यापूर्वी घालायची आणि बाहेर लागेल तेवढेच काढायचे.

आंबूस वास, बुडबुडे, तार, दूध फाटल्यासारखे कण ही नासल्याची लक्षणे दिसली, तर चर्चाच नको. ती नसली म्हणून मात्र पदार्थ निर्दोष ठरत नाही. उलट, फ्रिजमधल्या कस्टर्डवर नुसते थोडे पाणी सुटले, तर तो बऱ्याचदा कॉर्नफ्लोरचा स्वभाव असतो. त्यावरून त्याला फाशी देऊ नये.

पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या डब्यांवरून संध्याकाळी दुसरा खटला उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईसाठीही ‘केव्हापर्यंत खावी’ ती तारीख दुकानात लावावी लागते, परंतु डबा घरी येतो तो तारखेविना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शनाप्रमाणे कलाकंद त्याच दिवशी, रसमलाईसारखे बंगाली प्रकार दोन दिवसांत, तर खव्याची मिठाई चार दिवसांत खावी. ओलावा जितका जास्त, तितके आयुष्य कमी. म्हणून खरपूस भाजलेला साताऱ्याचा कंदी पेढा मऊ मलई पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. वेगवेगळ्या मिठाया एकत्र भरलेल्या डब्यात मात्र ओला तुकडा शेजाऱ्यांनाही ओलावा देतो. पेढा वरून चिकट झाला, खवट वास आला किंवा बुरशीचा एखादा ठिपका दिसला, तर तो कोपरा कापून उरलेला खाण्याचा काटकसरीपणा करू नये.

हे सारे आत्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तिने डब्यातला कलाकंद निवडून ताटलीत काढला, ताटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हा आजच संपायला हवा ना? मग संपव." पाव किलो होता.